अरबी द्विवचन इंग्रजीत आणि मराठीत कसं आणायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत अरबी शिकवते आणि आखाती देशांतून येणारे करार, दाखले, औषधांच्या चिठ्ठ्या यांची इंग्रजी-मराठी भाषांतरं करते. वर्गात आणि कामात जो एक विषय हमखास अडतो तो म्हणजे द्विवचन: बरोब्बर दोन वस्तूंसाठी किंवा माणसांसाठी अरबीत असलेलं वेगळं रूप. त्यावर विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. अरबी शब्द देवनागरीत उच्चाराच्या जवळ जातील असे लिहिले आहेत. मराठीतला ‘ऐ’ आपण ‘अइ’ असा उच्चारतो, अरबी द्विवचनातला ‘ऐ’ही तसाच आहे, त्यामुळे ‘बैत’ हा शब्द मराठी माणसाने सरळ वाचला की उच्चार जवळजवळ बरोबर येतो.

‘दोन’ हा शब्द न लिहिता दोन कसे दाखवतात?

शब्दाच्या शेवटाने. ‘बैत’ म्हणजे एक घर. ‘बैतानि’ म्हणजे दोन घरं. तीन आणि त्यापुढच्या घरांसाठी ‘बुयूत’ हे अनेकवचन. ‘बैतानि’मध्ये दोन हा आकडा कुठेही स्वतंत्र लिहिलेला नाही, तो ‘आनि’ या शेपटात बसला आहे.

हे शेपूट दोन प्रकारचं आहे. शब्द कर्ता असेल तर ‘आनि’, आणि कर्म असेल किंवा त्याच्या आधी शब्दयोगी अव्यय असेल तर ‘ऐनि’. ‘दोन घरं आहेत’ म्हणताना बैतानि, ‘मी दोन घरं पाहिली’ म्हणताना बैतैनि. वाक्याच्या शेवटी थांबलो की शेवटचा ऱ्हस्व इकार गळतो आणि ‘बैतान’, ‘बैतैन’ एवढंच ऐकू येतं. स्त्रीलिंगी शब्दाच्या शेवटी जो गोल ‘ता’ असतो तो एरवी थांबताना ऐकूच येत नाही, पण द्विवचनात उघडा होतो: ‘हकीबा’ म्हणजे बॅग, ‘हकीबतान’ म्हणजे दोन बॅगा.

मग ‘दोन’साठीचा शब्द अरबीत नाहीच का?

आहे. पुल्लिंगी ‘इस्नान’ आणि स्त्रीलिंगी ‘इस्नतान’. मोजताना, फोन नंबर सांगताना, ‘किती?’ या प्रश्नाला उत्तर देताना तो वापरतात. वस्तूच्या नावाबरोबर तो आला तर नावानंतर येतो आणि जोर देतो: ‘किताबानि इस्नान’ म्हणजे पुस्तकं दोनच, तिसरं नाही. मराठीत हा जोर ‘च’ने आणावा. नवे विद्यार्थी मराठीच्या सवयीने ‘इस्नान किताब’ असं बांधतात. प्रमाण अरबीत ते चूक आहे.

एखादं छोटं वाक्य पूर्ण सोडवून दाखवाल का?

हे वाक्य घेऊ, मी ते पहिल्या महिन्यातच देते:

वसलतित्-तालिबतानि व-मअहुमा हकीबतान.

पहिला शब्द ‘वसलत’ म्हणजे ‘पोचली’. क्रियापद एकवचनी आहे. कर्ता दोन आणि क्रियापद एकवचनी, हे पाहून विद्यार्थी थबकतात, पण प्रमाण अरबीत क्रियापद कर्त्याच्या आधी आलं की ते एकवचनातच राहतं, फक्त लिंग घेतं. पुढे ‘अत्-तालिबतानि’. ‘तालिबा’ म्हणजे विद्यार्थिनी, ‘तानि’ने त्या दोन झाल्या, आणि सुरुवातीच्या ‘अल्’ने (इथे त चा सूर लागून ‘अत्’) त्या ओळखीच्या झाल्या. म्हणजे कोणत्यातरी दोन नव्हेत, आधी उल्लेख होऊन गेलेल्या. मग ‘मअहुमा’: ‘मअ’ म्हणजे सोबत आणि ‘हुमा’ म्हणजे ते दोघे किंवा त्या दोघी. या सर्वनामात लिंग दिसत नाही, दोन हा आकडा मात्र दिसतो. शेवटी ‘हकीबतान’, दोन बॅगा. इथे ‘अल्’ नाही, बॅगा वाक्यात नव्याने आल्या.

चार शब्दांत दोन तीनदा आला आणि ‘इस्नान’ एकदाही आला नाही.

आता इंग्रजी: ‘द टू स्टुडंट्स अराइव्ह्ड विथ टू बॅग्ज.’ दोनपणा टिकला, ओळखीचेपणा ‘द’ने टिकला, पण त्या मुली आहेत हे हरवलं. ‘फीमेल स्टुडंट्स’ लिहिता येतं, पण ते जड होतं आणि अरबीत नसलेला जोर लिंगावर येतो. मागच्या-पुढच्या वाक्यात नावं असतील तर मी ते सोडून देते. ‘बोथ स्टुडंट्स’ मात्र लिहू नये. ‘बोथ’ म्हटलं की एकच येईल असं वाटत होतं आणि दोघी आल्या, असा अर्थ शिरतो. अरबी लेखकाला तसं म्हणायचं असतं तर त्याने ‘किल्ता’ (दोन्ही, स्त्रीलिंगी) हा शब्द घातला असता.

मराठीत आपली बाजू भक्कम आहे. ‘दोघी विद्यार्थिनी दोन बॅगा घेऊन आल्या.’ ‘दोघी’ या एका शब्दात संख्या, लिंग आणि माणूसपणा तिन्ही आले, इंग्रजीत जे लिंग हरवलं होतं ते परत मिळालं. ‘दोघी’ने त्या ओळखीच्या आहेत हेही कळतं. ‘दोन विद्यार्थिनी आल्या’ असं लिहिलं असतं तर त्या वाचकाला नव्या वाटल्या असत्या, आणि ‘दोघीही’ लिहिलं असतं तर ‘किल्ता’चा जोर आला असता.

एक बारकावा उरतो. बॅगा एकूण दोन की प्रत्येकीच्या दोन? अरबी वाक्य म्हणतं की त्या दोघींजवळ मिळून दोन बॅगा होत्या. इंग्रजी वाक्य इथे संदिग्ध आहे. शंका राहू नये असं वाटलं तर शेवटी ‘बिट्वीन देम’ जोडावं. मराठीत द्विरुक्ती हा आपला स्वतःचा उपाय आहे: प्रत्येकीच्या दोन असत्या तर आपण ‘दोन-दोन बॅगा’ म्हटलं असतं. तसं म्हटलं नाही, म्हणजे एकूण दोन. अरबीत प्रत्येकीच्या दोन म्हणायला ‘मअ कुल्लिन मिन्हुमा हकीबतान’, म्हणजे ‘त्या दोघींपैकी प्रत्येकीजवळ दोन बॅगा’, असं लांब जावं लागतं.

द्विवचन दिसलं की भाषांतरात दर वेळी ‘दोन’ लिहायचं का?

नाही. माझ्यापुरता नियम असा: ‘दोन’ काढून टाकल्यावर वाचकाच्या मनातली संख्या बदलत असेल तर ठेवायचं, बदलत नसेल तर सोडायचं.

डोळे, हात, पाय, कान यांना अरबीत द्विवचन लागतंच, कारण ते दोनच असतात. ‘ऐनाहा’ म्हणजे तिचे डोळे. ‘तिचे दोन डोळे’ लिहिलं की वाचक उगाच थांबतो, जणू इतरांचे दोन नसतात. इंग्रजीतही ‘हर आइज’ पुरे. आईवडिलांचं तसंच: ‘वालिदाहु’ म्हणजे ‘त्याचे आईवडील’, ‘दोन पालक’ नव्हे. पण वाक्यात दोनपणाचं काम असेल तर तो ठेवावा लागतो. माणसाने ‘बि-किल्ता यदैहि’ दोर धरला असेल तर ‘दोन्ही हातांनी धरला’ असंच लिहायला हवं, कारण सांगायची गोष्टच ती आहे.

वरच्या वाक्याला पुढचं वाक्य जोडून बघा: ‘सुम्म जलसता’, मग त्या दोघी बसल्या. खोलीत आणखी कोणी नसेल तर ‘मग बसल्या’ पुरतं. पण बाई आधीपासून खोलीत उभ्या असतील तर काय? अरबी द्विवचनाने बाईंना बाहेर ठेवलं आहे, त्या अजून उभ्याच आहेत. इंग्रजी ‘दे सॅट डाउन’मध्ये बाईही बसून जातात. मराठीत नुसतं ‘मग बसल्या’ म्हटलं तर तिथेही तसंच होतं. अशा ठिकाणी ‘मग दोघी बसल्या’ आणि ‘द टू ऑफ देम सॅट डाउन’ हेच लिहायला हवं. द्विवचनाचा हा उपयोग कथा वाचताना फार जाणवतो: तीन-चार पात्रं असताना कोण कुठे गेलं हे अरबी वाचकाला नुसत्या क्रियापदावरून कळत असतं.

दोन, दोघे, दोघी, दोघं, दोन्ही, उभय: यातलं कुठे काय?

वस्तूंना दोन आणि दोन्ही, माणसांना दोघे-दोघी-दोघं, एवढं आपण सगळे न शिकताच पाळतो. करार किंवा निवाड्याच्या भाषेत ‘अत्-तरफान’, म्हणजे दोन बाजू, यासाठी ‘उभय पक्ष’ हा शब्द तयारच आहे आणि तो इंग्रजीतल्या ‘द टू पार्टीज’पेक्षा नेटका बसतो.

अडचण येते ती बाई आणि पुरुष एकत्र असताना. अरबीत एक पुरुष आणि एक स्त्री मिळून पुल्लिंगी द्विवचन होतं. ‘अज्-झौजान’ या शब्दाकडे पाहा. ‘झौज’ म्हणजे नवरा, म्हणून अक्षरशः ‘दोन नवरे’, पण अर्थ ‘नवरा-बायको’. ‘अल्-अबवान’ अक्षरशः ‘दोन बाप’ आणि अर्थ ‘आईवडील’. ‘अल्-कमरान’ अक्षरशः ‘दोन चंद्र’, अर्थ सूर्य आणि चंद्र. जोडीतल्या एकाचं नाव घेऊन त्याचंच द्विवचन करायचं, दुसऱ्याने त्यात सामावून जायचं. अरबी वैयाकरण याला ‘तग्लीब’ म्हणतात, म्हणजे एकाला वरचढ करणं.

संस्कृत शिकलेल्यांना हे ऐकून लगेच ‘पितरौ’ आठवेल. ‘पितृ’चं द्विवचन, अर्थ आई आणि वडील. पाणिनीने त्यासाठी ‘पिता मात्रा’ असं सूत्रच केलं आहे, आणि या प्रकाराला एकशेष म्हणतात, कारण दोनांतला एकच शब्द शेष राहतो. एकमेकींशी नातं नसलेल्या दोन भाषांनी आईवडिलांसाठी एकच युक्ती काढावी, याचं मला दर वर्षी शिकवताना नव्याने नवल वाटतं.

भाषांतरात अशा शब्दांची जोडी पुरी उघडून लिहावी: नवरा-बायको, आईवडील, चंद्रसूर्य. आणि त्यांच्याबद्दलच्या क्रियापदात मराठीचं नपुंसकलिंग कामाला येतं. ‘ती दोघं निघाली’ म्हटलं की एक बाई, एक पुरुष हे चित्र आपोआप उभं राहतं. इंग्रजीला किंवा खुद्द अरबीलाही हे एका शब्दात जमत नाही.

शेवटचा नून कधी नाहीसा होतो? मला तिथेच द्विवचन ओळखू येत नाही.

एका वस्तूचं दुसऱ्याशी मालकीचं किंवा मोजमापाचं नातं जोडलं की द्विवचनाचा ‘नि’ गळतो. ‘मुदीरानि’ म्हणजे दोन व्यवस्थापक, ‘मुदीरा-श्शरिका’ म्हणजे कंपनीचे दोन व्यवस्थापक. कागदावर फक्त एक अलिफ उरतो, आणि बोलताना पुढच्या जोडाक्षरामुळे तो दीर्घ आकारही आखूड ऐकू येतो. दोनपणाची सगळी खूण त्या एका उभ्या रेघेत असते.

पैशाच्या बाबतीत हे महागात पडतं. ‘अल्फ’ म्हणजे हजार, ‘अल्फान’ म्हणजे दोन हजार. पुढे चलनाचं नाव आलं की नून गळून ‘अल्फा रियाल’ होतं: 2000 रियाल. ‘अल्फ रियाल’ म्हणजे 1000 रियाल. फरक एका अलिफचा. रत्नागिरीकडच्या एका मुलाचा नोकरीचा करार माझ्याकडे तपासायला आला होता. आधी कुणीतरी केलेल्या मराठी भाषांतरात पगार ‘एक हजार रियाल’ होता. मुलाला एजंटने तोंडी दोन हजार सांगितले होते, त्यामुळे घरच्यांना वाटलं फसवणूक झाली. मूळ कागदावर शब्द होते ‘रातिब शहरी कद्रुहू अल्फा रियाल’, म्हणजे ‘मासिक वेतन, ज्याची रक्कम दोन हजार रियाल’. आकड्यांत रक्कम लिहिलेली नव्हती. भाषांतर करणाऱ्याने तो अलिफ वाचलाच नव्हता.

अशा जागी तपासायची पद्धत सोपी आहे. ‘अल्फ’च्या पुढे आणि चलनाच्या नावाच्या आधी अलिफ किंवा ‘या’ हे अक्षर दिसलं तर रक्कम दोन हजार. कर्त्याच्या जागी ‘अल्फा’, इतरत्र ‘अल्फै’. दोनशेचंही असंच: ‘मिअता रियाल’, ‘मिअतै रियाल’. आणि भाषांतरात रक्कम अक्षरांबरोबर आकड्यांतही लिहावी, मूळ कागदावर तसं नसलं तरी, तळटीप देऊन.

‘ऐन’ आणि ‘ईन’ अरबीत सारखेच लिहितात. मग दोन की अनेक, हे कसं ठरवायचं?

हा प्रश्न खरा अवघड आहे. अरबीत रोजच्या लिखाणात ऱ्हस्व स्वरांच्या खुणा देत नाहीत. ‘मुहंदिसैनि’ (दोन इंजिनिअर) आणि ‘मुहंदिसीन’ (अनेक इंजिनिअर) दोन्ही कागदावर अक्षर न अक्षर सारखे दिसतात. ‘कंपनीने मुहंदिस-ईन/ऐन पाठवले’ असं बातमीत आलं तर फक्त त्या शब्दावरून काहीच सांगता येत नाही.

पहिली गोष्ट बघायची ती त्या नामाचं अनेकवचन कसं होतं. ‘शहर’ (महिना) याचं अनेकवचन ‘शुहूर’ किंवा ‘अश्हुर’, म्हणजे आतून मोडून होतं. तिथे ‘शहरैन’ दिसलं तर ते दोन महिनेच, दुसरा पर्याय नाही. ‘ईन’ लावून अनेकवचन मुख्यतः पुरुषांच्या व्यवसायवाचक आणि गुणवाचक शब्दांचं होतं. संशय तेवढ्यांपुरताच. स्त्रीलिंगी शब्दाच्या गोल ‘ता’नंतर आलेला ‘तैन’ही दोनच दाखवतो, कारण त्यांचं अनेकवचन ‘आत’ने किंवा आतून मोडून होतं.

तरी संशय राहिला तर शेजारचे शब्द बघायचे. पुढे कुठेतरी सर्वनाम येतं. ‘हुमा’ आलं तर दोन, ‘हुम’ आलं तर अनेक. आधी दर्शक सर्वनाम ‘हाझैनि’ असेल तर ‘या दोन’, ‘हाउलाइ’ असेल तर ‘हे सगळे’. तोच शब्द पुढच्या वाक्यात कर्ता झाला की प्रश्नच मिटतो, कारण ‘आन’ आणि ‘ऊन’ वेगळे दिसतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, अशा शब्दाशी अडून राहू नका, परिच्छेद शेवटपर्यंत वाचा आणि परत या. जाणता अरबी लेखक संशयाच्या जागी स्वतःच ‘इस्नैन’ जोडतो, किंवा ‘य’च्या आधीच्या अक्षरावर फतहाची तिरकी रेघ देतो.

आणि कुठेच काही सापडलं नाही तर? अधिकृत कागद असेल तर मी अंदाजाने ‘दोन’ लिहीत नाही. ज्याने कागद दिला त्याला विचारते.

औषधाच्या चिठ्ठीवर ‘2’ कुठेच नसतो, मग किती गोळ्या घ्यायच्या?

चिठ्ठीवर असं असतं: ‘खुद् कुर्सैन मर्रतैन यौमिय्यन’. ‘कुर्स’ गोळी, म्हणून ‘कुर्सैन’ दोन गोळ्या. ‘मर्रा’ म्हणजे एक वेळ, ‘मर्रतैन’ दोन वेळा. ‘यौमिय्यन’ रोज. चार शब्दांत दोन दोनदा आला आहे, आकडा एकही नाही. ज्याला शब्द माहीत आहेत पण शेपूट माहीत नाही तो ‘गोळी, वेळ, रोज’ एवढंच वाचतो आणि दिवसाला एकच गोळी घेतो. खऱ्या मात्रेच्या चौथाई.

इंग्रजीत ‘टेक टू टॅब्लेट्स ट्वाइस अ डे’. मराठीत ‘दिवसातून दोन वेळा दोन गोळ्या घ्या’ असं लिहिलं तर सकाळी एक, संध्याकाळी एक अशा मिळून दोन, असं कुणीही समजू शकतो. इथे द्विरुक्ती हवीच: ‘दिवसातून दोन वेळा, प्रत्येक वेळी दोन-दोन गोळ्या.’ मी पुढे ‘एकूण चार’ हेही लिहिते. घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी चिठ्ठी करून देताना हे दोन जादा शब्द वाया जात नाहीत.

‘तुम्ही दोघं’ आणि ‘आपण दोघं’ अरबीत कसं?

‘अंतुमा’ म्हणजे तुम्ही दोघे, दोघी किंवा दोघं, तिन्ही. मराठीत लिंग ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तेव्हा बोललं कुणाशी जातंय हे आधी शोधावं लागतं. इंग्रजीत ‘यू टू’ लिहून सुटका होते.

‘आम्ही दोघं’साठी मात्र अरबीत वेगळं रूपच नाही. दोन असोत की वीस, ‘नह्नु’ एकच. आणि त्यात मराठीचा आणखी एक पेच आहे: ‘आम्ही’ की ‘आपण’? ऐकणारा त्यात धरला आहे की नाही, हे ‘नह्नु’ सांगत नाही, इंग्रजी ‘वी’ही सांगत नाही. संवाद मराठीत आणताना हा निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो, आणि चुकला तर नवऱ्याने बायकोला ‘आम्ही जाऊ’ म्हटल्यासारखं होतं.

आज्ञार्थाचं एक जुनं उदाहरण मला आवडतं. प्राचीन अरबी कवितेत कवी उजाड पडलेल्या मुक्कामापाशी येतो आणि दोन सोबत्यांना म्हणतो, ‘किफा’, म्हणजे ‘थांबा, दोघंही’. इंग्रजीत ‘स्टॉप’ किंवा ‘हॉल्ट’ लिहिलं की ते दोन सोबती दिसेनासे होतात. मराठीत ‘थांबा रे दोघं’ म्हटलं की उंटावरचे दोन मित्र मागे वळून बघतात.

संस्कृतसारखंच आहे ना? देवः, देवौ, देवाः?

कल्पना तीच, तपशील वेगळा. संस्कृतात ‘आवाम्’ आणि ‘गच्छावः’ आहे, म्हणजे ‘आम्ही दोघं’सुद्धा वेगळं आहे, अरबीत ते नाही. संस्कृतात क्रियापद कुठेही ठेवा, ते द्विवचनातच राहतं. अरबीत ते कर्त्याच्या आधी आलं की एकवचनी होतं. प्राकृतांमध्येच द्विवचन संपलं, म्हणून मराठीपर्यंत ते आलं नाही. जुन्या इंग्रजीतही ‘आम्ही दोघं’ आणि ‘तुम्ही दोघं’ यांसाठी ‘विट’ आणि ‘गिट’ अशी सर्वनामं होती, तीही गेली.

दुबई-कुवेतला काम करणारे लोक असं बोलत नाहीत. मग बोलीत काय उरलं?

बोलीत द्विवचन नामांपुरतं उरलं आहे, आणि ‘आन’ गेलं, सगळीकडे ‘एन’ झालं: योमेन (दोन दिवस), शहरेन (दोन महिने), मर्रतेन (दोनदा). क्रियापदं, सर्वनामं आणि बहुधा विशेषणंही सरळ अनेकवचनात जातात. म्हणजे आमच्या वाक्यातल्या मुली बोलीत ‘हुमा’ नसतात, इतरांसारख्याच ‘त्या’ असतात. आखातात राहून बोली शिकून आलेला माणूस लिखित करार वाचताना अडतो तो याचमुळे: त्याच्या कानाला ‘आन’ची सवयच नसते.

बोलीतली एक गंमत भाषांतराच्या फार कामाची आहे. इजिप्तचा माणूस ‘किल्मितेन’ म्हणतो, अक्षरशः ‘दोन शब्द’, पण त्याला थोडंसं काही बोलायचं असतं. ‘योमेन’ही कधी कधी बरोब्बर दोन नसतात, थोडे दिवस असतात. इंग्रजीत त्यासाठी ‘अ फ्यू वर्ड्स’ असं बदलावं लागतं. मराठीत काहीच बदलावं लागत नाही. आपणही दोन शब्द बोलतो, पाहुण्याला दोन घास खाऊन जा म्हणतो, माहेरी दोन दिवस राहायला जातो, आणि कुणी मोजत नाही.

नावाच्या शेवटी ‘ऐन’ असलं म्हणजे द्विवचनच का?

दर वेळी नाही. ‘हसनैन’ हे नाव महाराष्ट्रातल्या मुस्लिम घरांतही ऐकू येतं. ते द्विवचन आहे, हसन आणि हुसैन हे दोघे भाऊ मिळून. इथेही एकाच्याच नावाचं द्विवचन केलं आहे, वर सांगितलेला तग्लीब. बहरीन देशाचं अरबी नाव ‘अल्-बहरैन’, म्हणजे दोन समुद्र. सौदी राजाची पदवी ‘खादिमुल् हरमैनिश्शरीफैन’ ही राजे फहद यांनी 1986 मध्ये घेतली. तिच्यात ‘हरम’ आणि ‘शरीफ’ दोन्ही शब्द द्विवचनात आहेत, कारण विशेषणालाही नामामागे जावं लागतं. अर्थ ‘दोन पवित्र मशिदींचे सेवक’, मक्केच्या आणि मदिनेच्या. इथे ‘दोन’ काढून चालणार नाही.

पण ‘हुसैन’ द्विवचन नाही. तो ‘हसन’चा लाडका, लघु रूपातला शब्द आहे, जसा आपल्याकडे बाळाचा बाळू होतो. त्यातला नून मूळ धातूचाच आहे. ओळखायचं कसं? शेवटचा ‘ऐन’ काढून बघा. ‘हसनैन’मधून काढला की ‘हसन’ उरतो. ‘हुसैन’मधून काढला की ‘हुस’ उरतो, आणि त्या नावाचा कुणीच नाही.